लांबलचक मीटिंग मेलमधून सुटसुटीत कॅलेंडर निमंत्रण

मार्च उजाडला की नागपुरात कूलरवाल्यांची धावपळ सुरू होते. समजा, हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कूलर कारखान्याच्या मालकांनी बर्डीच्या ऑफिसला मेल धाडला. सुरुवातीला होळीच्या शुभेच्छा, मग गेल्या उन्हाळ्यात माल कमी पडल्याची कहाणी, एका डीलरची उधारी, वाहतूकवाल्याचे वाढलेले दर, आणि पार तळाशी झूमची लिंक. मध्येच कुठेतरी लिहिलंय, ‘येत्या गुरुवारी, 13 मार्चला दुपारी 3 वाजता बसू.’ शेवटी ताजा कलम: ‘साडेतीन केले तर बरे.’ याचं निमंत्रण तुम्हाला पाठवायचं आहे.

अख्खा मेल डिस्क्रिप्शनच्या रकान्यात चिकटवायचा मोह होतो. तसं केलं तर मोबाइलवर लिंक शोधता शोधता पाच मिनिटं जातात. आधी मेल एकदा नुसता वाचा आणि वेळ, ठिकाण, निर्णय, आणायची कागदपत्रं एवढ्यावरच खूण करा.

खुणा करताना वार आणि तारीख ताडून पाहा. 2026 मध्ये 13 मार्च शुक्रवारी येतो, गुरुवार 12 तारखेला आहे. अंदाजानं काही ठरवू नका, फोन लावून विचारा: ‘साहेब, बारा की तेरा? आणि तीन की साडेतीन?’ इथे समजा उत्तर आलं, गुरुवार 12, साडेतीन. वेळ कॅलेंडरच्या वेळेच्या रकान्यातच भरा. डिस्क्रिप्शनमध्ये ती पुन्हा लिहिली आणि उद्या बैठक पुढे सरकली, तर एकाच निमंत्रणात दोन वेगवेगळ्या वेळा दिसतील.

आता अजेंडा. ‘कूलरच्या पॅडविषयी चर्चा’ लिहून कुणालाच कळत नाही की तयारी काय करायची. मुद्दा प्रश्नासारखा लिहा, पुढे मिनिटं आणि कोण मांडणार ते. मेलमधल्या कहाणीखाली सहसा असा एखादा प्रश्न दडलेला असतो. ‘गेल्या वर्षी मेमध्ये गिऱ्हाईक परत गेले’ याचा अर्थ, यंदा पॅड आधीच किती मागवायचे? अजेंड्यात जायला हवा तो हा प्रश्न. उधारीचा विषय मात्र निमंत्रणात येऊ देऊ नका. वाहतूकवालाही बैठकीला असेल तर ते डिस्क्रिप्शन त्यालाही दिसणार, आणि त्यानं निमंत्रण पुढे धाडलं तर आणखी कुणाला. तो विषय मालकांशी फोनवर बोला.

सगळ्यात जास्त घोळ लिंकचा होतो. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगप्रमाणे पाहुणे जोडताच मीटची लिंक आपोआप तयार होऊ शकते. मेलमध्ये झूमची लिंक आधीच आहे, म्हणजे निमंत्रणात दोन खोल्या झाल्या. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि दोन्हीकडे ‘बाकीचे कुठं आहेत हो?’ म्हणून मीटच्या ओळीशेजारची फुली दाबून ती काढून टाका. झूमची लिंक ठिकाणाच्या रकान्यात आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीतही ठेवा.

मेलमधून लिंक उचलताना तिची शेपटी तुटते, विशेषतः ती दोन ओळींत मोडलेली असेल तेव्हा. झूमच्या लिंकमध्ये पासकोड `pwd=` नंतरच्या भागात दडलेला असतो. तो राहून गेला तर लिंक उघडते, पण पासकोड मागते. म्हणून मीटिंग आयडी आणि पासकोड खाली वेगळेही लिहा आणि पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहा.

शीर्षकात नुसतं ‘मीटिंग’ नको. मोबाइलच्या सूचनेत पहिले काही शब्दच दिसतात, तेव्हा ‘कूलर पॅड ऑर्डर व वाहतूक दर’ असं लिहा. 45 मिनिटांच्या बैठकीसाठी डिस्क्रिप्शन असं होईल:

```
जोडणी (झूम): <पूर्ण लिंक>
मीटिंग आयडी: <आयडी>   पासकोड: <पासकोड>
प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी: बर्डी ऑफिस

ठरवायचे:
1. यंदा पॅड किती व कधी मागवायचे? 20 मि. (खरेदी)
2. वाहतुकीचा नवा दर मान्य करायचा का? 15 मि. (डिस्पॅच)
3. सर्व्हिसच्या तक्रारी कोण घेणार? 5 मि. (सर्व्हिस)

सोबत आणा: गेल्या मार्च ते मेचा विक्री तक्ता
```

मुद्द्यांची बेरीज 40 मिनिटं होते, उरलेली 5 उशिरा येणाऱ्यांसाठी. बेरीज बैठकीच्या वेळेपेक्षा जास्त झाली तर मिनिटं कापत बसू नका, एक मुद्दा पुढच्या बैठकीला ढकला. पॅडचा प्रश्न 10 मिनिटांत उरकला तर मे महिन्यात पुन्हा गिऱ्हाईक परत जाईल.

मूळ मेल मात्र डिलीट करू नका. ज्यांना पार्श्वभूमी हवी, त्यांना तो वेगळा पाठवा. आणि वेळ बदललीच, तर सेव्ह करताना कॅलेंडर विचारतं, पाहुण्यांना कळवायचं का. तिथे पाठवायचा पर्याय निवडा, नाहीतर कॅलेंडरमध्ये वेळ बदलते, पण पाहुण्यांना मेल जात नाही, आणि कुणीतरी जुन्याच वेळेला बर्डीच्या ट्रॅफिकमधून घाम पुसत येऊन बसतो.