द्राक्षाच्या स्टॉलवर भाव किती ठेवावा? मागणीच्या तक्त्यावरून काढायचा हिशेब

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची काढणी जोरात असते, तेव्हा दिंडोरी, निफाड, मखमलाबाद भागातले बरेच बागायतदार थोडा माल नाशिक शहरात स्वतः विकतात. व्यापाऱ्याला माल दिला तर भाव तो सांगतो. स्टॉलवर मात्र पाटीवरचा आकडा आपल्या हातात असतो, आणि तो बहुतेक वेळा शेजारच्या हातगाडीकडे बघून ठरतो. त्याऐवजी आठ-पंधरा दिवसांच्या विक्रीची नोंद ठेवली, तर भाव वाढवल्यावर गल्ला वाढेल की घटेल हे कागदावर काढता येते. बारावीच्या अर्थशास्त्रात ज्याला मागणीची किंमत लवचिकता म्हणतात, तेच हे गणित.

समजा एकाच जागेवर, एकाच जातीची आणि सारख्याच आकाराची द्राक्षे वेगवेगळ्या भावाने विकून पाहिली. दिवसाची सरासरी विक्री अशी निघाली (आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत):

| भाव (रु. किलो) | विक्री (किलो) | एकूण प्राप्ती (रु.) |
|---|---|---|
| ४० | १२० | ४,८०० |
| ५० | १०० | ५,००० |
| ६० | ८० | ४,८०० |
| ७० | ६० | ४,२०० |
| ८० | ४० | ३,२०० |

पहिले दोन रकाने नोंदीतले, तिसरा त्यांचा गुणाकार. लवचिकता म्हणजे भाव एक टक्क्याने बदलला तर मागणी किती टक्क्यांनी बदलते ते. भाव चढला की मागणी उतरते, म्हणून उत्तर उणे येते. इथे आपण ते चिन्ह सोडून फक्त आकडा पाहू.

टक्का कशावर काढायचा, इथेच घोळ होतो. भाव ५० वरून ६० केला: भाव २० टक्के वाढला, विक्री १०० वरून ८० म्हणजे २० टक्के घटली, लवचिकता बरोबर १. पुस्तकी नियमाने लवचिकता १ असेल तर प्राप्ती बदलत नाही. पण तक्त्यात गल्ला २०० रुपयांनी कमी झालेला दिसतो. उलट बाजूने, ६० वरून ५० ला येताना हाच हिशेब केला तर १.५ येते. एकाच टप्प्याची दोन उत्तरे. कारण टक्का प्रत्येक वेळी वेगळ्या आकड्यावर काढला. म्हणून तक्त्यावरून काम करताना मधल्या बिंदूची पद्धत वापरावी. तिच्यात बदलाला दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागतात:

```
लवचिकता = (विक्रीतील फरक ÷ दोन्ही विक्रींची बेरीज)
          ÷ (भावातील फरक ÷ दोन्ही भावांची बेरीज)
```

५० ते ६० या टप्प्यासाठी विक्रीची बाजू २० ÷ १८० = ०.१११ आणि भावाची बाजू १० ÷ ११० = ०.०९१. भागाकार १.२२. कुठूनही सुरुवात केली तरी हेच उत्तर येते. याच रीतीने ४० ते ५० ची लवचिकता ०.८२, ६० ते ७० ची १.८६ आणि ७० ते ८० ची ३ निघते.

आता अर्थ. आकडा १ पेक्षा कमी असेल तर मागणी अलवचीक: भाव वाढवला की गिऱ्हाईक थोडेच तुटते आणि प्राप्ती वाढते. ४० वरून ५० केल्यावर २० किलो कमी खपूनही गल्ला २०० रुपयांनी वाढला तो यामुळे. आकडा १ पेक्षा जास्त असेल तर मागणी लवचीक, आणि भाव वाढवला की प्राप्ती घटते. मधल्या बिंदूच्या पद्धतीत हा नियम तंतोतंत लागू पडतो, त्यामुळे ताळा सोपा आहे: लवचिकता एकापेक्षा कमी आली आणि तिसऱ्या रकान्यात मात्र गल्ला उतरलेला दिसतो, तर बेरीज-वजाबाकीत चूक आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. द्राक्षाची लवचिकता इतकी असा एकच आकडा नसतो. वरच्या तक्त्यात भावात प्रत्येक वेळी १० रुपयांची वाढ आणि विक्रीत २० किलोची घट असूनही लवचिकता ०.८२ वरून ३ वर गेली. चढ्या भावात तेच १० रुपये टक्क्यांत लहान होतात आणि तेच २० किलो मोठे.

तक्ता सांगतो की सर्वांत जास्त गल्ला ५० रुपयांना. मग पाटीवर ५० लिहावे का? स्टॉलवर न खपलेला माल फुकट जाणार असेल तर होय. पण समजा १२० किलो माल आणला आहे आणि उरलेला माल हातगाडीवाला संध्याकाळी ३० रुपयांनी उचलतो. मग ५० च्या भावाने ५,००० अधिक २० किलोचे ६०० मिळून ५,६०० होतात. ६० च्या भावाने ४,८०० अधिक ४० किलोचे १,२०० मिळून ६,०००. ७० ला सुद्धा ६,०००, आणि ८० ला पुन्हा ५,६००. म्हणजे योग्य भाव ६० ते ७० च्या दरम्यान सरकला, जिथे मागणी स्पष्टपणे लवचीक आहे. निव्वळ गल्ला बघून भाव ठरवणारा इथे रोज ४०० रुपये सोडतो. रोज लागेल तेवढीच काढणी करत असाल, तर ३० रुपयांच्या जागी न काढलेल्या किलोवर वाचलेली तोडणी, पॅकिंग आणि वाहतूक धरावी.

तक्ता बिघडतो तो बहुधा नोंदीमुळे. अकरा वाजताच माल संपला तर त्या दिवसाचा आकडा मागणीचा नाही, क्रेटचा आहे. तो दिवस वगळावा. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात ५० ने विकले आणि गुरुवारी कॉलनीच्या कोपऱ्यावर ६० ने, तर फरक भावाचा की जागेचा हे कळणार नाही. महाशिवरात्रीच्या उपवासाला फळांची मागणी वाढते, ढगाळ गार दिवशी द्राक्षे कमी खपतात. असे दिवस तक्त्यात मिसळले की भाव वाढवूनही विक्री वाढलेली दिसते आणि लवचिकतेला अर्थ राहत नाही. प्रत्येक भाव निदान तीन-चार साध्या दिवसांवर तपासून सरासरी घ्यावी. तक्ता ४० ते ८० चा असेल तर १०० रुपयांना काय होईल हे त्यावरून सांगू नये.

हेच गणित लासलगावच्या कांद्याला लावताना जपून. कांद्याची एकूण मागणी अलवचीक असते, घरात कांदा लागतोच. म्हणून आवक वाढली की भाव त्याहून जास्त टक्क्यांनी पडतो आणि सगळ्या शेतकऱ्यांची मिळून प्राप्ती घटते. पण एका ट्रॅक्टरने बाजाराचा भाव हलत नाही. एकट्याने माल चाळीत रोखला तर भाव वाढत नाही, फक्त आपली विक्री पुढे जाते आणि वजनातली घट व सड आपल्या अंगावर पडते. माल ठेवायचा की काढायचा हा निर्णय पुढच्या भावाच्या अंदाजावर घ्यावा, लवचिकतेच्या आकड्यावर नाही.

द्राक्षाचा तक्ताही हंगामभर चालत नाही. मार्चअखेर टरबूज आणि आंबा गाड्यांवर दिसू लागले की गिऱ्हाइकाला पर्याय मिळतात, मागणी कमी होते आणि जास्त लवचीकही. तेव्हा जुना तक्ता बाजूला ठेवून दोन जवळच्या भावांवर, म्हणजे ५० आणि ६० वर, नव्याने नोंद करावी.