तेलकट कोटा फरशी: ॲसिड ओतण्याआधी या चुका टाळा

आत्यांच्या लोकमान्य नगरातल्या घरी स्वयंपाकघरात कोटा आहे आणि पुढच्या खोलीत मोझॅक. दिवाळीत चकल्या, शंकरपाळी, चिवडा असं सगळं तळून झालं आणि ओट्यासमोरची फरशी अशी दिसायला लागली की जणू कुणी राख लावून ठेवली आहे. पाय टाकला की चिकट, आणि ओली झाली की घसरडी. "अगं, रोज दोन वेळा पोछा होतो, पावडर टाकून होतो, आणखी काय करू?" आत्या म्हणाल्या. रोग तिथेच होता, पावडरीत. पण आत्यांना ते पटायला संध्याकाळ लागली.

काय होतं ते आधी सांगते. तळणाची वाफ हवेत उठते आणि बारीक थेंबांनी फरशीवर बसते. ताजं असेपर्यंत ते तेल सहज निघतं. महिनाभर राहिलं की हवेने घट्ट होऊन वार्निशसारखं चिकटतं. मग बाई पंधरा लिटरच्या बाल्टीत धुण्याच्या पावडरीची मूठ टाकते, त्याच पाण्याने सगळं घर पुसते आणि साध्या पाण्याचा हात कुणी मारत नाही. पाणी उडून जातं, पावडर फरशीवरच राहते. आमच्या इंदूरमध्ये पिण्याला नर्मदेचं पाणी असलं, तरी पोछ्याला पुष्कळ घरांत बोरिंगचंच असतं. बोरिंगचं पाणी जड असेल तर त्यातला चुनाही त्यात मिसळतो. तेल, पावडर आणि चुना यांचा जो थर जमतो तो चिकट असतो, म्हणून धूळ पकडतो. फरशी काळी दिसते म्हणून दुसऱ्या दिवशी दीड मूठ पावडर पडते.

पहिली चूक: तपासणी न करता उपाय सुरू करणं

मंद दिसणारी प्रत्येक फरशी मळलेली नसते. सिलेंडरमागे किंवा दाराआडचा एक फूटभर तुकडा घ्या. त्यावर अर्धा कप साधं गरम पाणी टाका, काहीही न मिसळता, आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. फेस आला तर तो जुन्या पावडरीचा. पाणी पसरण्याऐवजी थेंब धरून बसलं, नखाने खरवडल्यावर राखाडी मेणासारखं काही निघालं, तर तेल. आत्यांच्या फरशीवर दोन्ही झालं. फेस बघून त्या थोडा वेळ गप्प झाल्या.

तिसरी शक्यता वाईट. ओली असताना फरशी छान गडद दिसते, वाळली की परत पांढरट होते, हाताला खरखरीत लागते, आणि घासून काहीच निघत नाही. तिथे थर नाही, दगडाचं पॉलिशच गेलेलं आहे. त्याला कुठलीही सफाई उपयोगी नाही; मशीनने घिसाई-पॉलिश करून घ्यावी लागते.

दुसरी चूक: ॲसिड, लिंबू, व्हिनेगर

ही मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण हिचं नुकसान परत येत नाही. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड; मालव्याच्या सीमेपलीकडे रामगंजमंडीच्या खाणींतून येतो. मोझॅकमध्ये सिमेंटात बसवलेल्या बारीक खड्या बहुतेक संगमरवराच्या असतात, म्हणजे तीही चुन्याचीच जात. संडास साफ करायचं ॲसिड यावर पडलं की फसफसून फेस येतो आणि माणसाला वाटतं, वा, मळ निघतोय. तो फेस मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. मळाबरोबर वरची गुळगुळीत पातळ कातडी जाते आणि नंतर तेल आणखी आत शिरतं. लिंबू आणि व्हिनेगर हे त्याचंच हळू रूप.

"पण पॉलिशवाला ॲसिडची पांढरी पूड टाकतो की!" हा प्रश्न मला दर वेळी येतो. तो ऑक्झॅलिक ॲसिड वापरतो, तेही खडबडीतपासून बारीकपर्यंतच्या दगडांनी फरशी घासून झाल्यावर, शेवटी, मशीनखाली आणि पाण्यासोबत. तेलाच्या थरावर हाताने टाकलेली ती पूड दगडापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय ती विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर ठेवूच नये. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

तिसरी चूक: एकदम सगळी खोली ओली करणं

ही चूक टाळायला आत्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही एकेक तुकडा घेत असं केलं. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवला. हा अल्कधर्मी असतो, जुनं तेल सोडवतो आणि चुन्याच्या दगडाला खात नाही. प्लास्टिकची बाल्टी घ्या, ॲल्युमिनियमचं भांडं नको, आणि हातमोजे घाला. सोड्याने हाताची त्वचा जळजळते.

आधी कोरडा केर काढला. मग तीन बाय तीन फुटांचा तुकडा ओला केला आणि दहा मिनिटं ठेवला. वाळू द्यायचा नाही, वाळायला लागला तर थोडं पाणी आणखी शिंपडा. नायलॉनच्या ब्रशने घासलं. तारेचा ब्रश किंवा स्टीलची घासणी नको, चरे पडतात. वर आलेलं पाणी चहाच्या गाळासारखं तपकिरी होतं. इथे बहुतेक जण ते वायपरने पुढच्या कोऱ्या भागावर ढकलतात. त्याऐवजी ते कपड्याने उचलून बाल्टीत पिळा. मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, दुसऱ्यांदा बाल्टी बदलून. शेवटी कोरड्या सुती कापडाने पुसा. चमक इथेच कळते.

दहा बाय नऊच्या स्वयंपाकघराला आम्हाला चार तास लागले. ओट्यासमोरचे दोन तुकडे दोनदा करावे लागले. धुणं पुरेसं झालं की नाही हे कळायला पांढरं ओलं कापड फिरवा: कापड कोरं राहिलं, फेस दिसला नाही आणि पाय घसरला नाही, तर झालं.

मोझॅकला पाणी कमी. सिमेंट पाणी पितं, साचवून ठेवलं तर वाळताना क्षार वर येऊन पांढरे डाग पडतात. सोड्याचं पाणी पाच मिनिटांत उचला.

गॅसखाली एक गोल डाग राहिला होता, तेल आत मुरलेलं. त्यावर पांढऱ्या खडूची पूड आणि सोड्याचं पाणी, थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवून अर्धा बोट जाड लावलं, वर प्लास्टिक, रात्रभर. सकाळी प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू दिला, कारण सुकतानाच तो तेल वर ओढतो. दोनदा केल्यावर डाग पुष्कळ फिका झाला. गेला म्हणणार नाही.

चौथी चूक: चमक म्हणून रॉकेल किंवा तेलाचा बोळा

जुन्या घरांत हे चालायचं. दोन दिवस फरशी ओलसर चमकते, मग तोच तेलाचा थर.

रोजच्या पोछ्याला आता आत्या साधं पाणी वापरतात. तळण झालं त्या रात्री मात्र ओट्यासमोरच्या भागाला भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातलेल्या कोमट पाण्याचा हात, आणि मागून साध्या पाण्याचा. बाईंना पावडर न टाकायला सांगणं जास्त अवघड गेलं. पावडरीचा वास आला नाही तर फरशी पुसल्यासारखी वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी आत्यांनी पावडरीचा डबा मोरीतून उचलून कपाटात ठेवून दिला.