माझ्या नावाने पैसे मागितले गेले तेव्हा

“पंधरा हजार पाठवतोय, पण यूपीआयवर भलतेच नाव का दिसतेय रे?” असा मावसभावाचा फोन आला, तेव्हा माझे व्हॉट्सॲप चोराच्या हाती गेल्याचे कळले. आदल्या रात्री एका ‘मित्राला’ मी सहा अंकी कोड कळवला होता, गाढवपणा माझाच.

नंबर पुन्हा नोंदवून एसएमएसने आलेला नवा कोड टाकताच चोर बाहेर फेकला गेला. मात्र त्याआधीच मी जवळच्यांना फोन केले आणि गटांमध्ये भावाकडून लिहवून घेतले: “पैसे पाठवू नका, कोणताही कोड देऊ नका, पाठवले असल्यास व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवा.” एका मैत्रिणीने चार हजार पाठवले होते, तिने तासाभरात तक्रार नोंदवली.