ताजं, धुरी दिलेलं की मुरवून वाळवलेलं? सॉसेज ठेवताना आणि शिजवताना या चुका टाळा

भुसावळला माझं फ्रोझन मालाचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात रेल्वे कॉलनीत राहणारा एक ओळखीचा मुलगा थर्माकोलचा डबा घेऊन आला. तो गोवा एक्स्प्रेसने आला होता, म्हणजे जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. डब्यात तीन वस्तू होत्या: ताज्या पोर्क सॉसेजचं पाकीट, गोव्याच्या चोरीसची लालभडक माळ आणि व्हॅक्यूम पॅक केलेला स्पॅनिश चोरिझो. "काकू, तिन्ही तुमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्या. चोरीस तर मी गाडीतच दोन तुकडे खाल्ला, सलामीसारखा लागतो," तो म्हणाला.

मला धक्का बसला. गोव्याचा चोरीस कच्चा असतो.

दुकानात मला सर्वात जास्त दिसणारी चूक हीच आहे. चोरीस आणि चोरिझो ऐकायला भावंडं वाटतात, दोन्ही लाल असतात आणि दोन्हींच्या माळा लटकवतात. पण स्पॅनिश चोरिझो बहुतेक वेळा आंबवून, महिना-दोन महिने मुरवून वाळवलेला असतो, त्यामुळे तो कापून तसाच खातात. गोव्यात डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, व्हिनेगर, लाल मिरची आणि मसाल्यात मुरवतात, आतड्यात भरतात आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर थोडे सुकवतात. त्यात आंबटपणा असतो, मीठ असतं, म्हणून तो काही दिवस टिकतो. पण आतलं मांस कच्चंच राहतं. कच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो, आणि व्हिनेगरच्या भरवशावर त्याला मारता येत नाही. म्हणून आवरण काढा, कांद्यासोबत थोडं पाणी घालून मंद आचेवर झाकून शिजवा. तेल घालायची गरज नाही, चरबीच सुटते. पाणी आटून लाल तेल वर येईपर्यंत, साधारण अर्धा तास, घाई करू नका. मग तो पावाबरोबर खा किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर, दोन्ही छान लागतात.

त्या मुलाला मी सांगितलं, पुढचे काही दिवस पोटाकडे लक्ष ठेव आणि काही वाटलं तर डॉक्टरांना "कच्चं पोर्क खाल्लं होतं" हे आधी सांग.

मग आम्ही डबा नीट तपासला. कोणतंही सॉसेज हातात आलं की मी एकच प्रश्न विचारते: याला खराब होण्यापासून वाचवतंय कोण? ताज्याला फक्त थंडी वाचवते. धुरी देऊन शिजवलेल्याला उष्णता, मीठ, मांस टिकवणारं नायट्राइट आणि थंडी मिळून वाचवतात. आंबवून वाळवलेल्याला आंबटपणा आणि कोरडेपणा वाचवतो. हे कळलं की कुठलं पाकीट कुठे ठेवायचं आणि काय किती शिजवायचं, हे आपोआप ठरतं.

ताज्या सॉसेजवर दया दाखवू नका

त्याच्या डब्यातला बर्फ पूर्ण वितळून गेला होता. ताज्या सॉसेजच्या पाकिटात मी थर्मामीटर टोचला तर 19 अंश दाखवत होता. वास अजून ठीक होता, रंगही. तो म्हणाला, "शिजवलं की जंतू मरतील ना?" जंतू मरतील, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळल्यावरही राहतं. नियम असा आहे: कच्चं मांस 5 अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकायचं, आणि बाहेर 32 अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास धरायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 पार जातो, म्हणजे बाजारातून घरी येईपर्यंतचा वेळसुद्धा मोजावा लागतो. ते पाकीट आम्ही टाकलं.

ताजं सॉसेज फ्रीजमध्ये, 4 अंशांखाली, एक-दोन दिवसांतच संपवा. जास्त दिवस हवं असेल तर आणल्या दिवशी उणे 18 च्या फ्रीझरमध्ये टाका, चव एक-दोन महिने चांगली राहते. वितळवायला आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा भाग गरम होऊन जातो आणि मधे अजून बर्फ असतो.

शिजवताना दोन चुका नेहमी होतात. एक, आच मोठी. आवरण आकसतं, आत वाफ धरते आणि सॉसेज फुटतं. दुसरी, फुटू नये म्हणून काट्याने सर्वत्र टोचणं. त्याने रस आणि चरबी वाहून जाते आणि हातात कोरडा भुसा उरतो. माझी पद्धत सोपी आहे: तव्यात अर्धा कप पाणी, सॉसेज आणि वर झाकण, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मग झाकण काढून पाणी आटू द्या आणि त्याच चरबीत बाजू लालसर करा. पूर्ण झालं की नाही हे रंगावरून ओळखू नका, मसाल्याच्या लालीत काही कळत नाही. थर्मामीटरची सुई टोकाकडून लांबीने आत घाला, म्हणजे ती मध्यापर्यंत पोहोचते. पोर्क असेल तर 71 अंश, चिकन असेल तर 74.

धुराचा वास म्हणजे शिजलेलं, असं धरू नका

आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी फ्रँकफर्टर पद्धतीची सॉसेजेस सहसा शिजवलेली असतात, काहींना धूर दिलेला असतो, काहींना फक्त धुराचा स्वाद. पण बाहेरून आणलेलं असेल तर पाकिटावर "पूर्ण शिजवलेले" लिहिलंय का ते बघा. गरम धुरात ठेवलेलं सॉसेज आतपर्यंत शिजतं. थंड धुरात ते 30 अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच राहतं, म्हणजे वास धुराचा आणि आत मांस कच्चं. धूर फक्त पृष्ठभागावर थर देतो, आतल्याचं रक्षण तो करत नाही. आणि गुलाबी रंग दिसला म्हणून "कच्चं आहे" म्हणून परत आणणारेही खूप भेटतात. तो रंग नायट्राइटने आलेला असतो, शिजवल्यानंतरही राहतो.

शिजवलेलं असेल तर त्याला फक्त गरम करायचंय. पाणी उकळून गॅस बारीक करा आणि पाच मिनिटं त्यात ठेवा. खळखळ उकळत्या पाण्यात ती फाटतात. पाकीट उघडलं की एका आठवड्यात संपवा. चिकट झालं, आंबट वास आला किंवा बंद पाकीट फुगलं तर विचार न करता टाका. अशा सॉसेजमधला एक जंतू, लिस्टेरिया, फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि वासही सांगत नाही. म्हणून घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर शिजवलेलं सॉसेजही थेट फ्रीजमधून देऊ नका, वाफ येईपर्यंत तापवा.

वीज गेली की फ्रीझरचं दार उघडून बघणं हीसुद्धा चूकच. बंद ठेवलेला, भरलेला फ्रीझर साधारण 48 तास धरून ठेवतो, अर्धा भरलेला 24, आणि फ्रीजचा कप्पा फक्त चार तास. वीज आल्यावर पाकिटात बर्फाचे कण दिसले तर परत गोठवायला हरकत नाही. मऊ झालं असेल तर पाकिटावर हात ठेवून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा.

वाळवण आणि सॉसेज, दोन्हीचं ऊन एक नाही

हे सर्वात जास्त जिव्हाळ्याचं आहे, कारण मी स्वतः एकदा चुकले आहे. बिबडे, कुरडया, सांडग्या मिरच्या आपण पत्र्यावर दोन दिवसांत खडखडीत वाळवतो. मग दोन किलो मांसाची सॉसेजेसही गच्चीवर सावलीत टांगली. तीन दिवसांत बाहेरून चामड्यासारखी कडक झाली. वजन 2 किलोवरून 1.6 वर आलं आणि तिथेच थांबलं. चौथ्या दिवशी कापलं तर कडेला गडद कडी आणि मधे करडा, मऊ, उग्र वासाचा गर. सगळं टाकलं.

कारण असं: कोरड्या गरम हवेत बाहेरचा थर इतक्या वेगाने वाळतो की तो बूच बनतो, आतलं पाणी बाहेर येऊच शकत नाही. आत ओल आणि ऊब असते, हवा मात्र नसते, म्हणजे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवं ते सगळं तयार. या रोगाचं नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून, बोटुलसवरून पडलं आहे. खरी पद्धत उलटी आहे. मांसात मीठ, ठरलेल्या मापाचं नायट्राइट, थोडी साखर आणि आंबवणारे जिवाणू घालतात. दोन-तीन दिवस ऊबदार, दमट खोलीत ठेवतात, आणि आंबटपणा वाढून पीएच 5.3 खाली आला की 12 ते 15 अंशांच्या, 75-80 टक्के आर्द्रतेच्या खोलीत कित्येक आठवडे हळूहळू वाळवतात. साधारण एक तृतीयांश वजन कमी झालं की तयार: किलोचे सुमारे 650-700 ग्रॅम. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेत आर्द्रता अगदी थोडी असते. घरी ही परिस्थिती फक्त थर्मोस्टॅट आणि आर्द्रतामापक लावलेल्या वेगळ्या फ्रीजमध्ये तयार होते. नायट्राइट चमच्याने अंदाजे घालणं हा तर सरळ विषाचा खेळ आहे.

त्या मुलाच्या स्पॅनिश चोरिझोचं व्हॅक्यूम पाकीट बघितलं तेव्हा आत केशरी तेल साठलं होतं. तो घाबरला. खराब झालेला नव्हता, उकाड्यात चरबी वितळली होती. असलं पूर्ण वाळलेलं, न कापलेलं सॉसेज पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे बाहेर ठेवता येतं, पण त्या सूचनेतलं "खोलीचं तापमान" म्हणजे थंड देशातली 15-20 अंशांची खोली. आपल्या स्वयंपाकघरात ते फ्रीजमध्येच हवं, नाहीतर चरबी खवट होते. कापल्यावर कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. वर पांढरी पावडरसारखी बुरशी असेल तर ती मुद्दाम वाढवलेली असू शकते, फडक्याने पुसून टाका. हिरवी, काळी किंवा केसाळ दिसली तर तो माल नको.

असा वाळवलेला चोरिझो शिजवायला नको. पातळ काप करून खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा, चरबी मऊ झाली की चव उघडते. भाजीत घालायचं असेल तर शेवटी घाला, आधीपासून उकळलं की चिवट होतं.