जुनी गाडी बघताना: मीटर पाडलाय का, ठोकलीय का, हे कसं ओळखावं

डिजिटल मीटरवरचा आकडा कमी करायला मीटर उघडावाच लागतो असं नाही. बऱ्याच गाड्यांत यंत्र जोडून तो बदलता येतो आणि वरून काहीच खूण दिसत नाही. म्हणून नुसत्या मीटरकडे बघून काही कळत नाही. तो आकडा गाडीच्या बाकीच्या नोंदींशी जुळतो का, हे तपासायचं.

जाण्याआधी फोनवर

मालकाकडून सर्व्हिसची बिलं आणि चालू विमा पॉलिसीचा फोटो मागवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक खेपेला किलोमीटर लिहून घेतात, आणि गाडीच्या नंबरावरून मालकाला तो इतिहास मिळतो. "एकदा फोन करून मागवता का?" असं सरळ विचारा.

समजा, गाडी जून २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मीटर ३१,००० दाखवतोय. सेंटरची शेवटची नोंद मार्च २०२१ ची, २८,४०० किलोमीटरची. म्हणजे पावणेतीन वर्षांत २८ हजार पळालेली गाडी पुढची काही वर्षं जवळपास उभीच होती. असं होऊ शकतं, किंवा नंतरची सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजला झाली असेल आणि मीटर पाडला असेल. खरं काय ते गाडीजवळ गेल्यावर ठरतं.

पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' बघा. एकही क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पहिल्यापासून एकच मालक असूनही तो फक्त २० टक्के असेल, तर मध्ये कधीतरी क्लेम घेतलाय किंवा विमा बराच काळ खंडित होता. कशासाठी, ते विचारा. मात्र पूर्ण बोनस म्हणजे अपघात नाही असं समजू नका, कारण खिशातून केलेलं काम पॉलिसीवर दिसत नाही.

मीटर पडताळताना

दिवसा, गाडी धुऊन कोरडी असताना जा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ४५२२ म्हणजे २०२२ चा ४५ वा आठवडा. आपल्या हॅचबॅकचे चारही टायर त्या तारखेचे निघाले तर विचार करा. पहिले टायर साधारण ४०-५० हजार किलोमीटर जातात, मग इथे एकतीस हजारांच्या आत का बदलले? उभ्या गाडीचे टायर तडकतात हे खरं, पण मग ब्रेक पेडलचं रबर नव्यासारखं हवं. पेडलवरच्या रेघा एका कडेला पुसून गुळगुळीत झाल्या असतील आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली असेल, तर गाडी उभी नव्हती. सीट कव्हर उचलून बघा. एकट्या खुणेवर निकाल देऊ नका. तीन खुणा एकाच दिशेला गेल्या की मीटर खोटा समजा.

ठोकलेली गाडी

बॉनेट उघडा आणि फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवर बॉडीचाच रंग असतो. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो किंवा बोल्टभोवती चकतीसारखी रेघ दिसते. म्हणजे पार्ट निघाला होता. एवढ्यावरून गाडी नाकारू नका. शहरात बंपर आणि फेंडर घासतातच, आणि तिथली डेंटिंग-पेंटिंग गाडीच्या मजबुतीला धक्का लावत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते आतल्या सांगाड्याकडे: ॲप्रन म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे, त्यांच्या खालचे लांब पोलादी दांडे, दारांमधले पिलर. दाराचं रबर ओढून पिलरची कड उघडी करा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावरचे छोटे गोल खळगे. डाव्या ॲप्रनवर ते स्पष्ट असतील आणि उजव्यावर सपाट, ग्राइंडरने घासलेले किंवा वेल्डिंगचे ओबडधोबड थर असतील, तर ती बाजू कापून जोडली आहे. डावी-उजवी बाजू अशी शेजारी ठेवून बघितली की नवख्यालाही फरक दिसतो. मग डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तळाचा पत्रा बघा. मागून बसलेल्या धडकेची सुरकुती तिथे राहते.

पत्र्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरलीय का हे बघायला पातळ कापडात छोटं मॅग्नेट गुंडाळून दारांवर आणि मागच्या पॅनेलवर फिरवा. जाड लांबीवर ते धरत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे हा उपाय चालत नाही.

शेवटी चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग उडून गेल्यावर नवी बसवली नसण्याची शक्यता आहे. सीट बेल्टही पूर्ण बाहेर ओढा. मध्येच अडकून राहत असेल किंवा मागे जात नसेल, तर तोही धडकेत वापरला गेलेला असू शकतो.

ॲप्रन किंवा पिलर जोडलेला दिसला, किंवा एअरबॅगचा दिवा लागला नाही, तर भाव पाडून मागू नका. ती गाडी तिथेच सोडा. फक्त बोल्ट आणि रंगाच्या खुणा असतील, तर कामाचं बिल मागा आणि गॅरेजवाल्याकडून गाडी वर उचलून खालून तपासून घेतल्यावरच टोकन द्या.