अक्षरी रक्कम आकडा झाकून वाचा

चेक किंवा भरणा स्लिपच्या एंट्रीला जे नव्याने बसणार आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. चेकवर काय कुठे असतं, तारीख कशी बघायची, खालच्या चुंबकीय पट्टीत काय छापलेलं असतं, हे सगळं पहिल्या आठवड्यात कळतं. त्या पट्टीत रक्कम छापलेली नसते एवढं लक्षात असू द्या. चेक नंबर, बँक-शाखेचा कोड हे मशीन वाचतं, पण रक्कम माणसाच्या हस्ताक्षरातली. ती दोनदा लिहिलेली असते, अंकात आणि अक्षरात, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत जशीच्या तशी उतरवावी लागते. घोळ होतो तो इथे.

घोळ कसा, तर आपण अक्षरी रक्कम वाचतच नाही. आपल्याला वाटतं वाचली. प्रत्यक्षात आधी नजर चौकोनातल्या आकड्यावर जाते, डोक्यात रक्कम बसते, आणि मग अक्षरांवरून नजर नुसती फिरते. ओळखीची दोन अक्षरं दिसली की मेंदू 'बरोबर आहे' म्हणून पुढे जातो. मीही यातून गेलोय, आणि अजूनही संध्याकाळी थकल्यावर डोळे तेच करायला बघतात. म्हणून हे जरा लांबवून सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

एक चेक घ्या. चौकोनात लिहिलंय १,५९,०७५/-. ओळीवर लिहिलंय 'एक लाख एकोणसत्तर हजार पंच्याहत्तर फक्त'. हे वाक्य तुम्ही आत्ता छापील अक्षरात वाचताय म्हणून फरक दिसला. हातानं, घाईत, बॉलपेननं लिहिलेलं असतं तेव्हा 'एकोणस' एवढं स्पष्ट असतं आणि पुढे एक लांबट रेघ. डोक्यात एकोणसाठ आधीच बसलेलं असल्यामुळे ती रेघ 'साठ' होऊन जाते. तुम्ही अक्षरी रकान्यातही एकोणसाठ टाकता. झालं. आता तुमच्या एंट्रीत दोन्ही रकमा जुळतात, आणि चेकवर मात्र दहा हजारांचा फरक तसाच आहे.

मराठी संख्यावाचनाची रचनाच इथे आड येते. आपल्याकडे एकक आधी आणि दशक नंतर येतं. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव: डोकं तेच, शेपूट वेगळं. सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव: तेच. एकोणसाठ, एकोणसत्तर: शेपटाचंही पहिलं अक्षर सारखं. म्हणजे जो भाग मोठ्या किमतीचा आहे, तो शब्दाच्या शेवटी असतो, आणि हाताने लिहिताना शब्दाचा शेवटच गबाळा होतो. इंग्रजीत लिहिलेल्या चेकवर अडचण वेगळी: तिथे फिफ्टीन-फिफ्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी यांचा शेवट बघावा लागतो. कुठल्याही भाषेत शब्दाची शेपटी वाचल्याशिवाय शब्द वाचला असं समजू नका.

उपाय साधा आहे आणि पहिले काही दिवस हास्यास्पद वाटतो. आकडा झाका. कागद हातात असेल तर पट्टीने, स्क्रीनवर प्रतिमा असेल तर चिकटवायच्या कागदाचा तुकडा लावून. आधी फक्त अक्षरं वाचा आणि त्यावरून आकडा स्वतः तयार करा. सात घरं डोळ्यांसमोर ठेवा: लाखांची दोन, हजारांची दोन, शेकड्याचं एक, शेवटची दोन. वरच्या उदाहरणात 'एक लाख' म्हणजे लाखाच्या घरात ०१. 'एकोणसत्तर हजार' म्हणजे ६९. शेकड्याचा उल्लेखच नाही, म्हणून त्या घरात ०, आणि हे शून्य विसरणारे खूप असतात. 'पंच्याहत्तर' म्हणजे ७५. तयार झालं १,६९,०७५. आता पट्टी काढा आणि चौकोन बघा. १,५९,०७५. फरक स्वतःहून समोर येतो, शोधावा लागत नाही.

आणि मग? काहीही दुरुस्त करायचं नाही. अंकी रकान्यात १५९०७५, अक्षरी रकान्यात एकोणसत्तर असलेलीच ओळ, आणि तफावतीची खूण. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ च्या कलम १८ मध्ये म्हटलंय की अंक आणि अक्षर वेगळे असतील तर अक्षरी रक्कम धरायची. हे कलम कुणीतरी तुम्हाला पहिल्याच दिवशी मोठ्या रुबाबात ऐकवेल. ते खरं आहे, पण ते वापरून निर्णय घेणं एंट्री करणाऱ्याचं काम नाही. शिवाय पैसे देणारी बँक बहुतेक वेळा असा चेक तफावतीच्या कारणाने परतच करते. तुम्ही 'कायद्याने अक्षरी रक्कम बरोबर' म्हणून अंकही बदलून टाकलात, तर पुढच्या माणसाला तफावत होती हेच कळणार नाही.

अनेक ठिकाणी दोन माणसं एकच चेक स्वतंत्रपणे टाकतात आणि सिस्टिम जुळवून बघते. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. दोघेही आकडा बघून अक्षर टाकत असतील तर दोघांची चूक तंतोतंत सारखी येते आणि सिस्टिम खूश होते. संध्याकाळच्या टॅलीचंही तसंच. बॅचची बेरीज अंकी रकमांची असते. अक्षरी रकान्यातली चूक त्या बेरजेत येतच नाही. ती कळते चेक परत आल्यावर, किंवा ग्राहक काउंटरवर उभा राहिल्यावर.

अंकाची चूक टॅलीत सापडते, आणि कशी शोधायची त्याची एक जुनी युक्ती आहे. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी शेजारचे दोन अंक उलटे पडलेत का बघा. १,५९,०७५ च्या जागी १,९५,०७५ पडलं तर फरक ३६,०००, नऊने भाग जातो. एखादं शून्य जास्त किंवा कमी पडलं तरीही भाग जातो, म्हणून दोन्ही तपासा. फरक १०,००० किंवा ४०० असा एकच अंक आणि पुढे शून्य असा असेल तर बहुधा एकाच घरातला अंक चुकीचा वाचलाय. ही युक्ती दिशा दाखवते, सिद्ध काही करत नाही; दोन चेकमध्ये दोन चुका असतील तर ती फसते.

अंकांबद्दल थोडं. चेक मराठीतही लिहिता येतो, त्यामुळे चौकोनात देवनागरी अंक येतात आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. घाईतला देवनागरी पाच इंग्रजी चारसारखा, चार इंग्रजी आठसारखा. एकेक अंक ओळखत बसू नका. आधी पूर्ण चौकोन कुठल्या लिपीत आहे ते ठरवा. ठरत नसेल तर त्याच चेकवरची तारीख बघा. तारीख त्याच हाताने लिहिलेली असते आणि चालू वर्ष तुम्हाला ठाऊकच असतं, म्हणजे त्या माणसाचे निदान दोन-तीन अंक तुम्हाला नक्की कळतात. काही लोक एकाच चौकोनात दोन्ही लिप्या मिसळतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, फक्त अंदाज करू नका.

'/-' मधली तिरकी रेघ एक म्हणून वाचली की ५,००० चे ५०,००१ होतात. '=००' असं लिहिणाऱ्यांची शेवटची दोन शून्यं पैशांची असतात, रुपयांची नाहीत. अक्षरात 'दीड लाख', 'सव्वादोन हजार', 'पावणेचार लाख' असं लिहिणारेही भेटतील. घरं भरताना तुम्ही त्याचे १,५०,०००, २,२५० आणि ३,७५,००० करा, पण अक्षरी रकान्यात 'दीड लाख' असेल तर 'दीड लाख'च उतरवा. 'एक लाख पन्नास हजार' हे बरोबर असलं तरी ते चेकवर लिहिलेलं नाही.

यावरून माझं एक ठाम मत. आकडा टाकला की अक्षरी रक्कम आपोआप तयार करून देणारी एक्सेलची सूत्रं अनेकांकडे फिरत असतात. 'कशाला टाइप करतोस, हे घे' म्हणणारा एखादा सीनियर प्रत्येक ऑफिसात असतो, आणि त्याचा वेग बघून आपण भारावतो. चेक लिहायचा असेल तर ते सूत्र ठीक. चेक उतरवायचा असेल तर ते सूत्र म्हणजे वर सांगितलेली चूकच, फक्त यंत्राने केलेली. शिकायचं असेल तर वेगवान माणसाच्या शेजारी बसू नका. ज्याच्या टेबलावर 'वाचता येत नाही' असा शेरा मारलेले चेक वेगळे ठेवलेले दिसतात, त्याच्या शेजारी बसा.

वेगाची काळजी सगळ्यांनाच असते. आकडा झाकून वाचताना सुरुवातीला तुम्ही नक्कीच मागे पडाल, आणि कुणीतरी तसं ऐकवेलही. ते ऐकून घ्या. सात घरं हळूहळू डोळ्यांत बसतात, पट्टीची गरज कमी होते, आणि मोठ्या रकमांपुरती ती उरते. पण दिवसाच्या शेवटच्या तासात आणि लागोपाठ एकाच माणसाचे चेक आले की पुन्हा झाका. एकाच हाताचे दहा चेक वाचले की अकरावा आपण आठवणीतून वाचतो.

भरणा स्लिपचं काम त्यामानाने सोपं, कारण भरणारा समोर असतो. अंक आणि अक्षर जुळत नसेल तर स्लिप त्याच्या हातात परत द्या आणि नवीन लिहून मागा. रोख असेल तर नोटांचा तपशीलही असतो, म्हणजे रक्कम तिसऱ्यांदा लिहिलेली असते. तीही वेगळी बेरीज करून बघा. तुमच्या पेनने त्याच्या स्लिपवर अंक सुधारून देऊ नका, तो कितीही घाईत असला आणि 'साहेब, तुम्हीच करा ना' म्हणाला तरी. चेकवर तर खाडाखोड चालतच नाही. रक्कम चुकली की चेक नवीन.

आणि जे वाचताच येत नाही, त्या जागी तर्काने शब्द भरू नका. आसपासचं वाचता येतं तेवढं उतरवा, मधला भाग अवाचनीय म्हणून खूण करा आणि चेक बाजूला ठेवा. आकडा अगदी स्पष्ट असला तरीही.