टीम गप्प बसते? मॅनेजरच्या या चुका टाळा

मंगळवारचा स्टँडअप, गुरुवारी रात्री रिलीज. नवी टेस्टर म्हणते, "पेमेंट पेज मधूनच अडकतंय असं वाटतंय." मॅनेजर लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणतो, "वाटतंय म्हणजे काय? आकडा घेऊन ये." आवाज चढलेला नाही, कुणाचा अपमान नाही. पाच मिनिटांनी साहेबांना हे आठवणारही नाही. टीमला मात्र कळलं की खात्री असेल तरच तोंड उघडायचं. पुढची शंका पुरावा जमेपर्यंत दाबून ठेवली जाते, आणि तोवर रिलीज होऊन गेलेलं असतं.

शंकेकडे पुरावा मागणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण ती शिस्तीसारखी दिसते. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याचं उदाहरण घ्या. 16 जानेवारी 2003 ला उड्डाणानंतर 82व्या सेकंदाच्या सुमारास इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी फिल्म पाहताना ते लक्षात आलं. पंखाला किती इजा झाली हे कळावं म्हणून नासाच्या इंजिनिअरांना अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून यानाचे फोटो हवे होते. मोहीम सांभाळणाऱ्या टीमच्या प्रमुखांनी चौकशी केली ती एवढीच, की ही मागणी अधिकृतपणे नक्की कुणाची? मागणी योग्य वाटेने आलीच नव्हती, त्यामुळे 'माझी' म्हणून कुणी पुढे आलं नाही. 22 तारखेला विनंती मागे घेतली गेली.

त्याच दिवशी रॉडनी रोशा या इंजिनिअरने हा निर्णय चुकीचा असल्याची कडक ईमेल लिहिली. ती सहकाऱ्याला दाखवली, वर मात्र पाठवलीच नाही. 24 तारखेच्या बैठकीत 'उड्डाणाच्या सुरक्षिततेला धोका नाही' असं प्रमुखांनीच फोनवरच्या लोकांना पुन्हा ऐकवलं. त्यावर हात वर कोण करणार? 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाने नेमकं बोट ठेवलं ते इथे: यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचं ओझं इंजिनिअरांवर आलं होतं. आणि सिद्ध करायला लागणारे फोटोच नाकारलेले!

म्हणून शंका आली की पहिला प्रश्न माणसाबद्दल नको, गोष्टीबद्दल हवा: "कधी दिसलं? कुठल्या फोनवर? अजून कुणाला दिसलंय का?" मग पुरावा गोळा करायचं काम सांगणाऱ्याच्या गळ्यात न मारता दुसऱ्या एकाला सोबत द्या: "तुम्ही दोघं दुपारपर्यंत बघा. चारला ठरवू, रिलीज थांबवायचं का." चारला खरंच बसा. काही निघालं नाही तर तेही तिला सांगा, आणि कारण सांगा. हा शेवटचा भाग जवळजवळ सगळे गाळतात. उत्तर आलं नाही की माणूस 'आपलं कुणी ऐकत नाही' असंच धरून चालतो.

"आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न त्या दिवशी गिळून टाका. उत्तर हवंच असेल तर आठवड्याने, दोघंच असताना विचारा.

मीटिंगमध्ये स्वतःचं मत आधी सांगू नका. साहेब बोलले की बाकीच्यांचं काम फक्त मान हलवण्याचं उरतं.

शेवटच्या मिनिटाला "कुणाला काही शंका?" असं विचारून ते विचारणं धरलं जात नाही. त्याऐवजी नाव घेऊन, वेळ असताना विचारा: "सचिन, हे फसलं तर कुठे फसेल?"

"प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या" हे वाक्य ज्याने कुणी ऑफिसात आणलं, त्याला नमस्कार. ज्या प्रॉब्लेमचं उत्तर खालच्या माणसाकडे नसतं, नेमका तोच मग वर येत नाही.

आणि निनावी सर्व्हे, केक, एका दुपारचं वर्कशॉप यांनी टीम बोलकी होईल ही आशा सोडा. सोमवारी कुणी वाईट बातमी आणली की तुमच्या भुवया काय करतात, यावर लोकांचं लक्ष असतं. अर्थात शांतपणे ऐकायचं म्हणजे ढिसाळ काम खपवून घ्यायचं असं नाही. चूक सांगितल्याबद्दल बोलणी बसू नयेत. तीच चूक पुन्हा केली तर जरूर बसावीत.

हे जमायला लागलं की नोंदवलेल्या चुका कमी नाही, वाढलेल्या दिसतील. टीम कशा काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांचे आकडे जास्त निघाले. तिथले लोक चुका लपवत नव्हते, हे त्याचं कारण त्यांना पुढे दिसलं. म्हणून डॅशबोर्डवर बग वाढण्याआधीच आपल्या साहेबांना हे सांगून ठेवा, नाहीतर ते तुम्हालाच विचारतील, "आधी का नाही सांगितलं?"